दोन सामन्यांच्या मधलं जेवण

परंड्याच्या फुटबॉल स्पर्धेतून तुळजापूरचा संघ परत आला तेव्हा गावात एकच बोलणं होतं : हे खेळायला नव्हे, जेवायला गेले होते.

बोलणं खोटं नव्हतं. सकाळचा सामना त्यांनी दिमाखात जिंकला होता. मग दुपारी यजमानांची पंगत झाली. पुऱ्या, रस्साभाजी, भजी आणि वर तुपाने निथळणारा शिरा. सेमीफायनल उन्हं कलल्यावर होती, म्हणून सगळे पोटभर जेवले आणि कडुलिंबाखाली आडवे झाले. खेळ सुरू झाल्यावर धावायला कुणाचे पाय उचलेनात. बॅकला खेळणारा गुंडाप्पा कुशीत कळ आली म्हणून वाकून उभा राहिला आणि गोलकीपर वीरभद्र गोलच्या मागे जाऊन ओकला. अंगावर चार गोल झाले.

राघवेंद्र मास्तर संघाचा कप्तान. शाळेत गणित शिकवायचा. हरल्याचं त्याला तितकं लागलं नाही. लागलं ते हे, की समोरचा संघ आपल्याहून चांगला नव्हता. परतीच्या एस.टी.त त्याने वीरभद्रला विचारलं, "तू सकाळी काय खाल्लं होतंस?"

"काईच न्हाय मास्तर. खेळायचं म्हून उपाशी आलतो. मग दुपारी लई भूक लागली."

मास्तरच्या डोक्यात ते बसलं. सकाळी उपाशी आणि दुपारी ठासून. म्हणजे दोन्ही वेळा चूकच.

दुसऱ्या दिवशी तो वीरभद्रच्या बहिणीकडे गेला. शांताक्काची देवळाच्या वाटेवर खानावळ होती. नवरा गेल्यावर तिने एकटीने ती चालवली होती आणि भावाला वाढवलं होतं. भाऊ सगळ्यांसमोर ओकला हे तिच्या कानावर आलंच होतं.

"अक्का, पोरांच्या खाण्याची घडी बसवायचीय," मास्तर म्हणाला. "पुढच्या वर्षी परंड्याला परत जायचं."

"मला फुटबॉलमधलं काय कळतंय?"

"मलाही जेवणातलं कळत नाही. दोघं मिळून करून बघू."

मग वर्षभर करून बघणं चाललं. घाटाखालच्या मैदानात संध्याकाळी सराव असे. एकदा अक्काने सरावाआधी सगळ्यांना तांब्याभर दूध पाजलं. अर्ध्या तासात तिघांच्या पोटात ढवळायला लागलं. एकदा शेंगदाणे-गूळ दिले, तर गुंडाप्पा म्हणाला, "चव झ्याक हाय, पर दाणं अजून छातीतच हाईत." भाकरी आणि ठेचा खाऊन धावल्यावर सगळ्यांना करपट ढेकर आले. मऊ भात आणि पातळ वरण मात्र पोटात कधी गेलं तेही कळायचं नाही. तेही धावायच्या दोन-तीन तास आधी खाल्लं तर. आयत्या वेळी फार तर एखादं केळं, नाहीतर मूठभर जोंधळ्याच्या लाह्या आणि गुळाचा खडा.

भाकरी बंद झाली नाही. ती दुपारच्या जेवणात आली आणि सराव संपल्यावर आली. खेळून आल्या आल्या पोरं खानावळीच्या ओसरीवर बसत. भाकरी, मटकीची उसळ, वर दूध. "आता खावा किती खायचं ते," अक्का म्हणायची, "आता पळायचं न्हाय." दुसऱ्या दिवशी अंग आंबलेलं नसतं, हे सगळ्यांत आधी व्यंकटच्या ध्यानात आलं. व्यंकट तामलवाडीच्या मेंढपाळाच्या घरचा. कचेरीत शिपाई लागला होता आणि उजव्या बाजूने वाऱ्यासारखा पळायचा.

वर्ष सरलं. परंड्याला निघताना एस.टी.च्या टपावर फुटबॉलच्या पिशवीशेजारी अक्काचं पातेलं, ताकाची घागर आणि लाह्यांचं गाठोडं बांधलेलं होतं. अक्का स्वतः पुढच्या बाकावर बसली होती.

मुक्कामाच्या रात्री सगळे पोटभर जेवले. सकाळी उजाडायच्या आत अक्काने उठवून मऊ भात-वरण वाढलं. वीरभद्र कुरकुरला, "अक्का, एवढ्या सकाळी घास उतरंना गं."

"चार घास उतरीव. उपाशी खेळून काय झालं ते मला म्हाईत हाय."

सकाळचा सामना त्यांनी दोन गोलांनी जिंकला. घाम पुसतात तोच अक्काने प्रत्येकाच्या हातात पेला दिला : पाणी, गूळ, लिंबू आणि चिमूटभर मीठ. एका दमात नाही, घोट घोट प्यायचं. मग सगळे कडुलिंबाच्या सावलीत बसले.

सेमीफायनल दुपारी दोनला असं आधी सांगितलं होतं. पण खरा त्रास तिथेच होता. परंड्याला कुठली वेळ पाळली गेली होती? एका संघाची गाडी वाटेत बंद पडली होती, पाहुण्यांची भाषणं अजून व्हायची होती. कधी बोलावतील याचा भरवसा नव्हता. मास्तरने संघाला एवढंच सांगितलं, "पोट भरायचं नाही आणि रिकामंही ठेवायचं नाही. हाक कधीही येईल असं धरून बसायचं."

तेवढ्यात तळलेल्या पुऱ्यांचा वास आला. गुंडाप्पाने डोळे मिटून घेतले.

स्पर्धेचे यजमान बाबूराव स्वतः बोलवायला आले. साठीचा माणूस, डोक्याला मोठा फेटा. त्यांचा थोरला मुलगा याच मैदानावर खेळायचा. पटकीच्या साथीत गेला. त्याच्या नावाने ते ही स्पर्धा भरवत आणि येणाऱ्या प्रत्येक खेळाडूला आपल्या हाताने वाढत. हे सगळ्या जिल्ह्याला माहीत होतं.

"चला मंडळी, पानं मांडली."

राघवेंद्र उठून उभा राहिला. "बाबूराव, राग मानू नका. आम्ही सामना झाल्यावर जेवतो."

"झाल्यावर? बाकीचे संघ बसले की."

"गेल्या वर्षी आम्ही जेवून खेळलो. काय झालं ते तुम्ही पाहिलंत."

बाबूरावांचा चेहरा उतरला. मग त्यांची नजर अक्काच्या पातेल्याकडे गेली. "आपलं अन्न बरोबर आणलंय व्हय? सरळ सांगा की. देवीच्या पुजाऱ्याच्या घरचे तुम्ही. आमच्या हातचं चालत न्हाय."

आजूबाजूला लोक थांबून ऐकू लागले.  मास्तरच्या घरी दुसऱ्याच्या हातचं चालत नव्हतंच. आईला न सांगता तो खानावळीत जेवायचा. 

व्यंकट मध्ये पडला. "मालक, म्या धनगराचा. ह्यो वीरभद्र वाण्याचा. सालभर आमी मास्तरासंगं एकाच पातेल्यातलं खातुया. तसलं काय न्हाय. नुस्तं पळायचं हाय आमाला."

बाबूराव तरी हलले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलंय असं राघवेंद्रला दिसलं. त्याला कळलं, की हा माणूस आपल्यावर रागावलेला नाही. वाढायला हातात पळी घेतली की मुलाचं दुःख थोडं हलकं होत असेल, तेवढंच याला हवंय.

"बाबूराव," तो म्हणाला, "तुमच्या चुलीवर भात आहे ना? साधा, तूप न घातलेला?"

"हाय की. ढीगभर."

"मग आम्ही तुमच्या पंगतीला येतो. तुमचा भात, अक्काचं ताक. तुम्ही तुमच्या हाताने वाढा. पण मूठभरच. पुऱ्या आणि शिरा सामना झाल्यावर. शब्द देतो, एक पान सोडणार नाही."

बाबूरावांनी फेटा सारखा केला. "भात अन् ताक. आजारी माणसाचं जेवण," ते पुटपुटले. पण पंगतीला त्यांनी जागा करून दिली आणि स्वतः वाकून वाढायला लागले. हात सवयीने ढीग घालायचा आणि अक्का मागून म्हणायची, "मालक, कमी." पत्रावळीवर ताकभात आणि मीठ. शेजारच्या रांगेत सेमीफायनलला समोर असणारा तेरखेड्याचा संघ शिऱ्यावर शिरा घेत होता. त्यांचा कप्तान हसून म्हणाला, "मास्तर, उपास हाय का आज?"

गुंडाप्पाचा हात पुरीच्या टोपलीकडे गेला. मास्तरने नुसतं बघितलं. हात परत आला.

दोन वाजले, तीन वाजले. भाषणं चालूच. ऊन उतरेना. आता उलटी पंचाईत झाली : ताकभात जिरून गेला आणि पोरांना भूक लागली. वीरभद्र म्हणाला, "अक्का, आता पुरी खाल्ली तर काय हुतंय? अजून लई येळ हाय."

"येळ हाय हे कोण सांगितलं तुला?"

तिने गाठोडं सोडलं. प्रत्येकाला मूठभर लाह्या, गुळाचा खडा आणि पुन्हा तेच लिंबाचं पाणी. केळी उन्हाने काळी पडली होती. तीही तिने निम्मी निम्मी करून वाटली. कुणाचं पोट भरलं नाही आणि कुणाचं रिकामंही राहिलं नाही. तेवढ्यात कर्ण्यातून हाक आली : तुळजापूर आणि तेरखेडा, ताबडतोब मैदानात.

तेरखेड्याचे लोक झोपेतून उठून आले. तरी ते कच्चे नव्हते. दांडगे होते, आणि पहिला गोल त्यांनीच केला. मध्यंतरापर्यंत तुळजापूरला काही सुचलं नाही. राघवेंद्र बाजूला आला तेव्हा त्याला वाटलं, एवढा अट्टहास केला आणि पुन्हा तेच तोंड घेऊन परत जायचं. अक्काने पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. "मास्तर, पोरांकडं बघा. कोणबी खाली बसलं न्हाय."

खरंच कुणी बसलं नव्हतं. पलीकडे तेरखेड्याचे पाच जण गवतात पसरले होते.

"व्यंकट," मास्तर म्हणाला, "आता सगळे चेंडू तुझ्याकडे. थांबायचं नाही."

व्यंकट थांबला नाही. त्याच्यामागे पळणारा बॅक पहिल्यांदा दमला, मग चालायला लागला, मग कमरेवर हात ठेवून उभा राहिला. बरोबरीचा गोल गुंडाप्पाने कॉर्नरवर डोक्याने मारला. जादा वेळेत व्यंकट रेषेवरून सुटला आणि गोलकीपर पुढे यायच्या आत चेंडू आत गेला होता. शेवटच्या मिनिटांत तेरखेड्याने जीव तोडून मारलेला एक फटका वीरभद्रने सूर मारून अडवला आणि चेंडू पोटाशी धरून तो तसाच पडून राहिला. शिट्टी झाली तशी अक्का मैदानात धावली. "पोट दुखतंय का रं?"

"न्हाय गं," तो हसत म्हणाला, "सोडावंसं वाटंना."

संध्याकाळी बाबूरावांच्या अंगणात पंगत बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी फायनल होती, म्हणून अक्काने आधी भात-वरण भरपूर खायला लावलं आणि पुऱ्यांना दोनची हद्द घातली. शिरा मात्र बाबूरावांनी कुणाचं न ऐकता वाढला. राघवेंद्र त्यांच्या शेजारी जेवला, सगळ्या गावासमोर. ही बातमी आपल्या आधी घरी पोचणार हे त्याला माहीत होतं. त्याने अजून थोडा शिरा मागितला.

फायनल ते हरले. सोलापूरकडून आलेला संघ चांगला होता, एका गोलाने जिंकला. पण शेवटची शिट्टी झाली तेव्हा तुळजापूरचे अकराच्या अकरा समोरच्या गोलपाशी होते, अजून चेंडू मागत होते.

परतीची एस.टी. सुटली. मग गुंडाप्पाने विचारलं, "मास्तर, सराव कवा?"

"परवा."

"उद्या का न्हाय?"

"उद्या नुसतं खायचं," पुढच्या बाकावरून अक्का म्हणाली, "आणि झोपायचं."