सहा आठवड्यांची सवड

छापखान्यात मुद्रितं तपासणारी ताई दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाभोवती खेळ मांडायची. गोष्ट ती सांगायची आणि प्रत्येक खेळाडू आपापलं पात्र चालवायचा. काय घडलं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. गेल्या खेपेला लढाई संपल्यावर सगळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसले होते. म्हणून तिनं नवं काही रचलं होतं. पुढच्या मोहिमेआधी पात्रांना सहा आठवड्यांची सवड मिळणार होती. प्रत्येकानं स्वतःचं एक काम निवडायचं, कागदावर त्या कामाचं आठ भागांचं वर्तुळ काढायचं; ते पूर्ण रंगलं की काम झालं. आठवड्याला एकदा फासा टाकायचा. बारा किंवा जास्त पडले तर दोन भाग रंगवायचे, नाहीतर आठवडा वाया.

तिचा धाकटा भाऊ महिन्याभरानं खेळायला आला होता. वायरमनच्या परवान्याच्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झाल्यापासून तो कुणाशी धड बोलत नव्हता.

नर्स मैत्रिणीनं औषधी बाग निवडली, शेजारच्या पोस्टमनकाकांनी होडी.

"तुझ्या योद्ध्यासाठी तलवार घडवायचं ठेवलंय," ताई भावाला म्हणाली.

"नको. त्याला वाचायला शिकायचंय."

भावाला नऊ पडले. मग चार. मग अकरा. काकांची होडी निम्मी झाली होती, बागेचाही एकच आठवडा फुकट गेला होता. भावाचं वर्तुळ मात्र कोरं.

"वा! इथंही नापास," तो हसला आणि फासा ताईकडे सरकवला. "तुमचं चालू द्या."

ताईनं स्वतःच्या वहीकडे पाहिलं. 'नाहीतर आठवडा वाया' ही ओळ तिनंच लिहिली होती.

"थांब," ती म्हणाली. "चूक माझी आहे. तीन आठवडे धडे गिरवून माणूस कोरा राहील कसा? आजपासून कमी पडले तरी एक भाग रंगवायचा, पण सोबत एक अडचण येणार. मागचे आठवडेही धरायचे, सगळ्यांचे."

"म्हणजे माझाही एक!" नर्सनं लगेच पेन्सिल उचलली.

"माझ्यावर दया नकोय, ताई."

"दया कसली? अडचण ऐक आधी. तुझ्या मास्तरीणबाई चिडल्यात. शिकवणीच्या बदल्यात रोज पहाटे त्यांच्या गाढवांना पाणी पाजायचं. आणि त्यातलं एक चावतं."

काका खो खो हसले. भावानं क्षणभर तिच्याकडे रोखून पाहिलं आणि तीन भाग रंगवले.

चौदा पडले. मग सहा; गाढवानं पाटीच खाल्ली. शेवटी दहा. सात भाग झाले, एक उरला. सवड संपली.

"पुढच्या रविवारी काय?" भावानं विचारलं.

"मोहीम. डोंगरातली."

"मग बाई सोबत येतील का? वाटेत शिकवतील."

"येतील," ती म्हणाली, "पण गाढवं घेऊन."

"चालेल," असं म्हणत त्यानं कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली.