ठोकळ्याची स्लाइड

प्रतिभाने केलेली स्लाइड साहेबांना उघडीबोडकी वाटली, आणि खरं सांगायचं तर तिथेच सगळं संपलं. पुढचं नुसतं होत गेलं.

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत पत्र्याचे पार्ट दाबून काढणारा एक कारखाना होता. दोन हजार तीन-चारचा सुमार. कंपनीने नवाकोरा प्रोजेक्टर आणला होता आणि ज्याच्या त्याच्या अंगात त्याचं वारं शिरलं होतं. नव्या कामगारांना सुरक्षेचं शिक्षण द्यायचं काम प्रतिभाकडे होतं. चित्र आणि आवाज यांतून माणूस कसा शिकतो, हे ती पुण्याला रीतसर शिकून आली होती. एवढी एक गोष्ट आपल्याला नीट येते, याचा तिला अभिमान होता बिचारीला.

या वेळच्या नव्या माणसांत तिचा मावसभाऊ होता. वाल्मीक, सायखेड्याचा. तिनेच शब्द टाकून त्याला चिकटवला होता. मावशी फोनवर म्हणाली, "मशिनीपाशी जपून राहाय सांग गं त्याला." प्रतिभा हसून म्हणाली, "अगं मावशी, शिकवणारी मीच आहे. काळजी कसली करतेस?"

तर पत्रा दाबणाऱ्या त्या प्रेस मशीनची गंमत अशी, की मोटर बंद केली तरी तिचं ते अवजड चाक आपल्या जोरावर बराच वेळ फिरत राहतं. तेवढ्यात चुकून पायपट्टीवर पाय पडला, की वरचा भाग धाडकन खाली येतो. म्हणून मोटर बंद करायची, चाक पुरतं थांबू द्यायचं, वर-खालच्या भागांमध्ये लोखंडी ठोकळा ठेवायचा, आणि मगच अडकलेला तुकडा काढायला हात घालायचा. नवा माणूस हे एवढं जरी शिकला तरी त्याची बोटं शाबूत राहतात.

प्रतिभाने त्याची एकच स्लाइड केली. पांढऱ्या पडद्यावर प्रेसचं मोठं साधं चित्र. चाक तेवढं लाल, त्याच्याभोवती फिरता बाण. चाकाजवळ ‘थांबा’ आणि ठोकळ्याजवळ ‘ठोकळा’, एवढेच शब्द, ज्याचे त्याच्या शेजारी. बाकी सगळं ती तोंडाने सांगणार होती, म्हणजे डोळे चित्रावर आणि कान तिच्याकडे. एक पायरी समजली की मगच पुढची दिसणार.

तिने ती कॅन्टीनच्या चांगुणाबाईंना दाखवून पाहिली. त्यांनी जन्मात प्रेस चालवली नव्हती. एकदा सांगितल्यावर बाईंनी टेबलावर ताटली उपडी धरली, खाली चहाचा पेला ठेवला आणि म्हणाल्या, "चाक थांबत नाय तवर हात नाय. मंग ह्यो ठोकळा. मंगच हात." प्रतिभा इतकी खूश झाली की तिने बाईंना मिठीच मारली.

आणि मग गोसावी साहेबांनी ती पाहिली. साहेब माणूस वाईट नव्हता हो, तिच्या मुलाच्या बारशाला चांदीचा वाळा घेऊन आला होता. पण शिक्षणाच्या कार्यक्रमाला कस्टमरची माणसं मुंबईहून येऊन हॉलमध्ये बसणार होती.

"हे काय, प्रतिभाताई? स्लाइड आहे की कोरा कागद? लोक म्हणतील, यांनी कामच केलं नाही."

"साहेब, माणूस वाचायला लागला की चित्र बघत नाही. आणि तेच वाक्य आपण मोठ्याने वाचलं, तर त्याचं धड ऐकणंही होत नाही आणि धड वाचणंही होत नाही."

"काहीतरीच! डोळ्यांनीही आणि कानांनीही, म्हणजे दुप्पट पक्कं होईल की!"

"वाटतं तसं, साहेब. होत नाही."

"फार पुस्तकी बोलता बुवा तुम्ही."

झालं. साहेब मागे उभे राहून सांगत गेले आणि प्रतिभा करत गेली. चारी बाजूंनी गुलाबांची चौकट आली. कोपऱ्यात गणपती आला, मागे बासरी आली. सगळे नियम ओळीने छापले गेले. त्यांना जागा करायला चित्र आक्रसून काड्यापेटीएवढं झालं, त्यावर नुसते आकडे राहिले आणि आकड्यांचे अर्थ गेले पार तळाला. अक्षरं भिरभिरत यायला लागली, आणि स्लाइड बदलताना गाडीने करकचून ब्रेक दाबल्याचा आवाज. साहेब म्हणाले, "आता कसं भरल्यासारखं वाटतंय!" प्रतिभाला रडू कोसळायचं बाकी होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी साहेब कामगारांकडे पाठ करून पडद्यावरचा शब्द न् शब्द वाचत होते. वाल्मीक दुसऱ्या रांगेत बसला होता. त्याला वाचता येत होतं, पण सावकाश. त्याचे ओठ हलत होते, साहेबांच्या मागून, रखडत. तेवढ्यात कचकन ब्रेक वाजला, स्लाइड गेली, सगळा हॉल हसला. वाल्मीकही हसला. "साहेब, चाकाचं मी एकदा तोंडी सांगू का?" प्रतिभाने हळूच विचारलं. साहेबांनी पाहुण्यांकडे पाहिलं. "आता जेवायची वेळ झाली ना."

तिने दारातच वाल्मीकला गाठलं. "चाकाचं समजलं का रे?"

"सगळं समजलं ताई. लय भारी व्हतं!"

जो काहीच शिकलेला नसतो, तोच असा खुशाल बोलतो, हे तिला ठाऊक होतं. ती थांबवणारच होती त्याला. पण पाहुण्यांच्या जेवणासाठी आतून हाक आली आणि सुपरवायझर नव्या माणसांना मशिनींच्या शॉपवर घेऊन गेला. संध्याकाळी सांगू, असं म्हणून ती आत गेली. संध्याकाळी वाल्मीकची गाडी निघून गेली होती.

त्याच आठवड्यात त्याचा उजवा हात प्रेसखाली आला. मनगटापासून गेला.

दवाखान्यात तो तिला म्हणाला, "म्या मोटर बंद केली व्हती ताई. आईची आन. ‘मोटर बंद करा’, पयली वळ व्हती ना? तेवढं मी वाचलं व्हतं. मंग ती आवाज करून गेली."

प्रतिभाला त्या खोलीत उभं राहवेना. बाहेर बाकावर मावशी बसली होती. तिने सरकून प्रतिभाला बसायला जागा करून दिली, आणि ते जास्त लागलं.

चौकशी झाली. साहेबांनी तीच स्लाइड भिंतीवर दाखवली. ठोकळ्याचा नियम तिथे होता, सहाव्या ओळीवर. लिहिलाही होता, वाचूनही दाखवला होता, मग कंपनीचा दोष कसला? प्रतिभाने आपली जुनी स्लाइड पुढे केली. सगळ्यांनी मान डोलावली, कुणीतरी "सिंपल आहे, छान आहे" म्हणालं. मग साहेब अगदी मनापासून म्हणाले, "असं पुन्हा होता कामा नये. आणखी चार ओळी वाढवा. लाल अक्षरात."

वाढवल्या तिनेच.

वाल्मीकला कंपनीने हलकं काम दिलं. हॉलमधले दिवे लावायचे आणि घालवायचे. नवी माणसं येऊन बसली की तो बटणापाशी उभा राहून डाव्या हाताने अंधार करी. साहेब वाचत, बासरी वाजे, नव्या माणसांचे ओठ हलत. प्रतिभा माऊस दाबत बसे.

एकदा तिने न राहवून त्याला विचारलं, "वाल्मीक, इतक्यांदा ऐकलंस. आता तरी सगळं वाचून होतं का रे तुझं?"

"नाय ताई," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "शेवटचा ब्रेक वाजला का बत्ती लावायची, तेवढं ध्यानात हाय."

तेवढ्यात ब्रेक वाजला. सगळा हॉल हसला, आणि वाल्मीकने दिवे लावले.