सुताराची टोपी

होळीच्या आधीच्या दिवसांत मसाटच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कँटीनशेजारच्या पोकळ लोखंडी खांबावर एक सुतार पक्षी रोज सकाळी चोच आपटायचा. पाठ सोनेरी, डोक्यावर लाल तुरा. आवाज असा की मोल्डिंगच्या हॉलमधली माणसंही वर बघायची.

राजेंद्र गोखले, प्लांट मॅनेजर, मूळचे पुण्याचे, चहाचा कप हातात घेऊन त्याच्याकडे बघत उभे राहायचे. हा कारखाना बांधकामावरच्या आणि कारखान्यातल्या कामगारांसाठी हेल्मेट बनवायचा, त्यामुळे त्यांच्या डोक्यात दुसरं काही येणं शक्यच नव्हतं.

"नीलिमा, हा एवढं डोकं आपटतो आणि त्याला काही होत नाही. का? कवटीत स्पंजसारखं हाड असतं, ते धक्का पिऊन टाकतं. व्हिडिओ बघितला मी. आपण सुताराची कवटी म्हणून नवं मॉडेल काढू."

नीलिमा जाधव चाचणी विभाग सांभाळायची. नाशिकची, अभियांत्रिकी शिकलेली, आणि खोटी गोष्ट खरी म्हणून ऐकवली की तिला गप्प बसता येत नसे.

"सर, ते जुनं झालं. शास्त्रज्ञांनी अतिवेगवान कॅमेऱ्यानं त्याचे आघात टिपले. चोच जितक्या झटक्यात थांबते तितक्याच झटक्यात मागचं डोकंही थांबतं. मधे धक्का पिणारं काही सापडलं नाही. आणि का असावं? हातोडीला स्पंज बांधून कोणता सुतार खिळा ठोकेल? धक्का मधेच जिरला तर त्याला तेवढ्याच भोकासाठी आणखी जोर लावावा लागेल. त्याची कवटी म्हणजे कडक हातोडीच आहे."

"मग मेंदू कसा वाचतो?"

"मेंदू लहान आहे म्हणून. बोराएवढाही नाही. टेबलावरून बोर पाडा, काही होत नाही. कलिंगड पाडा, फुटतं. झटका तोच, पण वस्तू जेवढी मोठी तेवढा आतला दाब जास्त. आपला मेंदू सव्वा किलोच्या पुढे. त्याच्यासारखं डोकं आपण आपटलं तर पहिल्या काही आघातांतच चक्कर येईल. म्हणून आपल्याला हेल्मेटात मोकळी जागा लागते, पट्ट्यांचा झोळा लागतो. धक्का लांबवायला."

"आणि खांबावर का ठोकतो? खांबात किडे थोडेच असतात?"

"खायला नाही ठोकत, सांगायला ठोकतो. ही जागा माझी, आणि इकडे ये. पोकळ खांब घुमतो म्हणून त्याला आवडतो. झाडात किडे शोधताना तो इतकी सलग झड लावत नाही."

राजेंद्र हसले. कपातला उरलेला चहा त्यांनी शेजारच्या झाडाच्या बुंध्याशी ओतला. "कडक हातोडी. हे चांगलं आहे," एवढंच म्हणाले.

दोन महिन्यांनी मॉडेल तयार होऊन आलं तेव्हा त्या वाक्याचा अर्थ नीलिमाला कळला. टोपी देखणी होती, सपाट, डोक्याला लागून बसणारी. बाहेरचं कवच नेहमीपेक्षा जाड. आतला झोळा मात्र पातळ पट्टीवर आलेला, डोकं आणि कवच यांत बोटभरही अंतर नाही. तिनं वजन पाडून चाचणी घेतली. डोक्याच्या साच्याखालच्या सेन्सरनं दाखवलेला धक्का मर्यादेच्या फार वर गेला. कवचाला चराही पडला नाही.

ती ते आकडे घेऊन राजेंद्रांकडे गेली. "सर, कवच कडक आहे म्हणूनच सगळा धक्का आत जातो. मी सांगितलं होतं ना, पक्षी वाचतो तो कवटीमुळे नाही, मेंदू लहान असल्यामुळे. हे बाहेर देऊ नका."

"बाहेर कुठे देतोय? बाजारात जाईपर्यंत झोळा सुधारू. सध्या आपल्याच माणसांना वापरायला देऊ, फोटो काढू. आपल्या कामगारांनी घातलेली टोपी म्हटलं की गिऱ्हाईक विश्वास ठेवतं."

"आपल्या माणसांचीही डोकी डोकीच आहेत, सर."

"नीलिमा, चाचणी तुझं काम. निर्णय माझा."

ती खाली हॉलमध्ये गेली आणि सुपरवायझरला म्हणाली, नव्या टोप्या वाटू नका. तो म्हणाला, वरून सांगितलंय मॅडम. मोल्डिंगवरच्या लखन पावरानं तेवढ्यात आपली टोपी डोक्यावर थापटून दाखवली. लखन नंदुरबारकडचा, जवळच्या अथाल गावात भाड्याच्या खोलीत राहणारा. "मस्त आहे मॅडम. हलतच नाही. जुनी तर खाली वाकलं की नाकावर यायची." तिनं त्याला सांगितलं की जुनीच घाल. त्यानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी फोटोवाला आला, आणि जुन्या टोप्या गोळा करून आत ठेवण्यात आल्या.

पुढच्या आठवड्यात साचा बदलताना वरच्या मचाणावरून जड पाना सुटला आणि लखनच्या डोक्यावर बसला. तो खाली बसला, मग उठला, हसला, टोपी काढून सगळ्यांना दाखवली. "बघा, काहीच नाही झालं." टोपीवर एक पांढरा ओरखडा होता. राजेंद्रांनी त्याच टोपीचा फोटो लगेच काढून घेतला. नीलिमानं लखनला दवाखान्यात न्या म्हटलं, तर सुपरवायझर म्हणाला, शिफ्ट संपल्यावर जाईल.

संध्याकाळी घरी जेवताना लखनला उलटी झाली, आणि बायकोचं नाव त्याला आठवेना. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार आहे, आत रक्त साचलंय. ऑपरेशन झालं. तो वाचला. उजवा हात नीट उचलला जात नव्हता आणि बोलता बोलता शब्द निसटत होते.

चौकशीला कारखान्यांचा निरीक्षक आला. राजेंद्रांनी टोपी टेबलावर ठेवली. "कवच शाबूत आहे, साहेब. टोपीनं तिचं काम केलं. आणि कवटी कडक हवी, हे आमच्या चाचणी विभागाच्या मॅडमनीच सुचवलं होतं. पक्ष्याचं उदाहरण देऊन."

सगळ्यांची नजर तिच्याकडे वळली. तिचं वाक्य खरं होतं. त्याचा अर्धाच भाग राजेंद्रांनी उचलला होता.

नीलिमा सगळं बोलली. चाचणीचे आकडे, जुन्या टोप्यांचं काय झालं, आणि मेंदू लहान असण्याचं पुढचं अर्धं वाक्यही. निरीक्षकानं लिहून घेतलं. ते मॉडेल थांबलं. राजेंद्रांना कंपनीच्या सायली गावातल्या मोठ्या युनिटवर पाठवलं, पद एका पायरीनं वरचं. नीलिमाला चाचणीतून उचलून खरेदीला बसवलं. तिथे सामानाची नीट ओळख असलेलं माणूस हवं, असं कारण सांगितलं.

लखन घरी आल्यावर ती अथालला गेली. त्याची बायको मंजुळाबाई दारात भाकरीचं पीठ मळत बसली होती. लखन आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"ताई, एक सांगा," मंजुळाबाई म्हणाली. "टोपी फुटली नाही. डोकंही फुटलं नाही. मग यांना झालं काय? शेजारी म्हणतात, सोंग करतोय."

नीलिमा तिच्याजवळ बसली आणि समजावून सांगितलं. टोपी कडक होती म्हणून फुटली नाही, पण आत धक्का लांबवायला जागा नव्हती. तो सगळा डोक्यात गेला, कवटीनं सहन केला, आतल्या मऊ मेंदूनं नाही. बोर आणि कलिंगडही तिनं सांगितलं.

मंजुळाबाईचे हात थांबले नाहीत. पाणी शिंपडत ती सगळं ऐकत राहिली.

"म्हणजे तुम्हाला आधीच माहीत होतं."

"हो. सांगितलं होतं."

"कोणाला?"

"साहेबांना. लखनलाही."

"यांना जुनी टोपी मिळाली होती का मग?"

"नाही."

मंजुळाबाईनं पिठाचा गोळा केला, तवा चुलीवर ठेवला. "शेजाऱ्यांना सांगा ताई हे," ती म्हणाली. "तेवढं करा. कामाचं तर आता काही नाही, पण सोंग तरी म्हणू नये कोणी."

नीलिमा उठली आणि शेजारच्या दारावर गेली. आतून टीव्हीचा आवाज येत होता. तिनं कडी वाजवली आणि दार उघडेपर्यंत उभी राहिली.