माधवरावांचा चौथा हात

अर्धांगवायूनंतर माधवराव आज पहिल्यांदाच फ्रीगंज वस्तीतल्या मित्रांबरोबर कॉलब्रेक हा पत्त्यांचा डाव खेळायला बसले. पानं धरायला शेजारी मुलगी मृण्मयी होती. बाबांचं डोकं पूर्वीसारखं चालेल का, ही धास्ती तिला होतीच.

आपण किती हात जिंकणार, ते आधी सांगायचं होतं. "चार," माधवराव अडखळत म्हणाले.

"इस्पिकचे एक्का-राजा, चौकटचा एक्का. तीनच ना, बाबा?" ती कानात कुजबुजली.

"किलवर एकही नाही," तेही हळूच म्हणाले, "आणि इस्पिक नेहमीच हुकूम. पहिला किलवर इस्पिकच्या दुर्रीनं कापेन. दुसऱ्यांदा कुणी मोठ्या हुकमानं वरून कापेल, तो हात हिशेबात धरायचा नाही."

किलवर आला, दुर्रीनं हात उचलला. बाकीचे तीनही आले, बरोबर चार हात झाले.

पुढची पानं वाटल्यावर मृण्मयीनं काहीच सुचवलं नाही. अडखळत का होईना, त्यांच्या तोंडून आकडा येईपर्यंत ती नुसती थांबली.