तांब्याची घनता

गंगापूर रोडवरच्या क्लासमध्ये मोहिनी मॅडम रसायनशास्त्र शिकवत. त्या दिवशी वणीहून रोज एसटीने येणारी सृष्टी उत्तरपत्रिका घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिली.

"मॅडम, माझं कुठं चुकलं तेवढं सांगा. लय वेळा करून पाह्यलं, उत्तर तेच येतंय."

प्रश्न तांब्याचा होता. फलककेंद्रित घन, म्हणजे आठ कोपऱ्यांवर आणि सहाही बाजूंच्या मध्यावर अणू; कडेची लांबी ३.६१ अँगस्ट्रॉम, घनता काढा. सृष्टीने काढली होती ८.९७. क्लासच्या उत्तरसूचीत होती ४.४८. तेवढ्या एका प्रश्नाने ती स्पेशल बॅचमधून बाहेर फेकली गेली होती.

मॅडमचं डोकं फिरलं. सूची बनवणाऱ्याने घनात चारऐवजी दोनच अणू धरले होते. त्या तडक क्लासचे मालक जीवन सरांच्या केबिनमध्ये शिरल्या.

"मॅडम, एका प्रश्नाचं काय घेऊन बसलात? गुणवंतांचा फ्लेक्स लागलाय बाहेर."

"या उत्तराने तांबं लोखंडापेक्षा हलकं ठरतंय, सर! भांडीबाजारात जाऊन सांगून बघा, हसतील लोक."

"मग सगळ्यांना बोनस देऊन टाकू."

"म्हणजे चुकलेल्यांना आणि बरोबर असलेल्यांना एकाच मापात? बरोबर उत्तराला शिक्षा दिलीत तुम्ही. ती आधी मागे घ्या."

सर मोबाइल बघू लागले. मॅडमच्या कानांतून वाफा निघत होत्या. त्या तशाच स्पेशल बॅचवर गेल्या आणि फळ्यावर मोठा घन काढला.

"कोपऱ्यातला अणू किती घनांत वाटला जातो?"

"आठ!"

"कोपरे आठ, प्रत्येकाचा आठवा हिस्सा. झाला एक. फलकावरचा अणू दोन घनांत. सहा फलकांचे अर्धे-अर्धे?"

"तीन!"

"एकूण चार. आता चार गुणिले ६३.५. त्याला कडेच्या घनाने आणि ॲव्होगाड्रो संख्येने भागा. कड सेंटिमीटरमध्ये घ्या."

कॅल्क्युलेटर टकटकले. ८.९७. वर्गात कुजबुज सुरू झाली. फ्लेक्सवर पहिला असलेला राज उठला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, मी दोन धरले होते. मला मिळालेले मार्क चुकीचे आहेत. मी सरांना सांगतो."

तो खरंच गेला आणि त्याच्यामागे निम्मा वर्ग. एवढी पोरं दारात पाहिल्यावर सरांना मोबाइल खाली ठेवावाच लागला.

संध्याकाळी फ्लेक्स उतरला, नवी यादी लागली. राज चौथा, सृष्टी स्पेशल बॅचमध्ये. खाली टीप होती: 'छपाईतील चूक दुरुस्त केली आहे.'

"छपाईतील?" मॅडम टीप वाचून पुन्हा भडकल्या. "सृष्टी, तुला कुणी सॉरी म्हणालं?"

"नाय, मॅडम."

मॅडमनी तिचा हात धरला आणि दोघी परत केबिनकडे निघाल्या.