मेश्राम सरांचा हौद

कुरखेड्याच्या शाळेत हरिदास मेश्राम सरांचा एक मंत्र होता, आणि तो पोरांना पाढ्यांआधी पाठ व्हायचा. "आधी तपासायचा वेळ बाजूला काढा. उरलेल्या मिनिटांना एकूण गुणांनी भागा. जेवढे गुण, तेवढेच वाटे. प्रश्न नखरे करून राह्यला, तर त्याले तिथंच सोडा." वीस वर्षं सरांनी हे सांगितलं. स्वतःवर कधी वेळ आली नाही, म्हणून ते खरंही वाटत होतं.

मग सरकारला जाग आली. जुन्या मास्तरांनीही पात्रता परीक्षा द्यावी, नाही तर नोकरीवर पाणी सोडावं. सर गडचिरोलीच्या केंद्रावर पोचले, तर पलीकडच्या बाकावर त्यांचीच जुनी विद्यार्थिनी खुशबू बसलेली, तीही आता मास्तरीण व्हायला निघालेली. गणितात कायम रडणारी. सरांना तिची दया आली.

दीडशे मिनिटं, दीडशे प्रश्न, प्रत्येकी एक गुण. सरांनी ऐटीत हिशोब केला: पंधरा मिनिटं तपासायला, उरली एकशे पस्तीस. म्हणजे प्रश्नाला चोपन्न सेकंद, तीस प्रश्नांच्या भागाला सत्तावीस मिनिटं. पहिले तीन भाग अगदी मंत्राबरहुकूम झाले.

चौथ्यात गणित आलं, आणि गणितात हौद आला. दोन नळ भरतात, एक रिकामा करतो. सरांचं उत्तर चार पर्यायांत नव्हतंच. आता गणिताचा मास्तर हौद सोडून पुढं जाईल काय? लोक काय म्हणतील, हॉलमध्ये कोणी पाहत नसलं तरी? पुन्हा मांडलं. पेपरवाल्यालाच अक्कल नाही, असंही ठरवून झालं. शेवटी कळलं, रिकामा करणारा नळ सरांनीच भरायला लावला होता. उत्तर मिळालं. सरांची छाती फुगली. तशाच आणखी दोन प्रश्नांनी त्यांना अडवलं, आणि सरांनी त्यांचाही मान राखला.

सत्तावीस मिनिटांच्या भागाला सत्तावन्न लागली. तपासायची पंधरा गेली, आणि शेवटच्या परिसर अभ्यासाला फक्त बारा उरली. तेरा प्रश्न सुटले, चौदावा वाचताना घंटा झाली. उत्तरपत्रिकेवर सतरा प्रश्नांचे गोळे कोरे. चुकीला गुण कापत नव्हते. डोळे मिटून गोळे काळे केले असते तरी चारेक गुण पदरात पडले असते, पण तेवढाही वेळ नव्हता.

बाहेर खुशबू हसत आली. "सर, तो हौद मी सोडून दिला. शेवटी वेळ उरला तेव्हा अंदाजानं एक गोळा भरला. तुमीच तर सांगत होते."

"बरोबर केलं तू," सर म्हणाले.

निकाल लागला. खुशबू पास. सर चार गुणांनी नापास, आणि नोकरी आता पुढच्या एका परीक्षेवर टांगलेली. खुशबू पेढे घेऊन घरी आली, पाया पडली. सरांनी पेढा हातात धरला, तोंडात घालवेना.

"खुशबू," ते हळूच म्हणाले, "पुढल्या परीक्षेआधी मले थोडं शिकवशील? गणित नाई. सोडायचं कसं, ते."