चढली

मधुवंतीने पंधरा वर्षं दहावीची गाईडं लिहिली होती. प्रश्न वर, उत्तर खाली, पोरं पास. म्हणून भाच्याने, वरदने, त्याच्या कोड्यांच्या गेमसाठी हिंट-गाईड लिहायला सांगितलं तेव्हा तिला वाटलं, हा तर डाव्या हातचा मळ.

वरदची अट एकच होती. "मावशी, आधी स्वतः सोडव, मगच लिही. उत्तर सांगायचं नाही, फक्त कोपराने ढोसायचं." प्रत्येक प्रश्नाला तीन हिंट. पहिली कुठे बघायचं ते सांगणार, दुसरी काय बघायचं ते, तिसरी जवळजवळ हाताला धरून नेणार. प्रत्येक हिंट झाकलेली. खेळणाऱ्याला हवी तेवढीच उघडायची. हिंटच्या भाषेतूनसुद्धा काही फुटता कामा नये.

गेम एका दीपगृहाचा. वादळाच्या रात्री दिवा कोणी लावला, हे सहा कामगारांच्या रोजनिशीवरून ओळखायचं. वहीत नावांची फक्त आद्याक्षरं. 'स. ने वात कापली', 'ग. ने काच पुसली', अशा नोंदी.

सातपैकी सहा प्रश्न मधुवंतीने सोडवले; दिवा स. ने लावला इथपर्यंत ती पोचली. स. म्हणजे कोण, हा सातवा. सातव्यावर अकरा दिवस डोकं आपटलं आणि बाराव्या दिवशी वरदने शुद्धलेखन तपासायला पाठवलेली संहिता उघडून उत्तर वाचलं. स. म्हणजे सत्यवती. पाहिलं कोणी होतं? तिने हिंट लिहून टाकल्या.

गाईडची परीक्षा घ्यायला तिनेच लेले सरांना गाठलं. महादेव लेले, तिचे शाळेतले व्याकरणाचे सर, आता आक्षी गावात नारळी-सुपारीची वाडी बघत. तेवीस दिवस ते सातव्या प्रश्नाशी झुंजत होते. एकही हिंट उघडायला तयार नव्हते. फोनवर म्हणायचे, "सत्तरी ओलांडल्यावर कोण देतंय मला नवीन काही शोधून काढायला? हे मीच काढणार." शेवटी रविवारी त्यांनी एक, फक्त पहिली, हिंट उघडली आणि मधुवंतीला बोलावून घेतलं.

त्याच संध्याकाळी ती गेली तेव्हा सर झोपाळ्यावर होते. मांडीवर टॅबलेट, बाजूला आकडेमोडीची वही.

"वाच," ते म्हणाले.

तिने वाचलं. "स. जिना कधी चढली असेल, त्या वेळेकडे लक्ष द्या."

वाचतावाचताच ती 'चढली'पाशी अडखळली.

"अगो मधू," सर शांतपणे म्हणाले, "अख्ख्या वहीत त्या पोराने 'ने' लावून नोंदी केल्यात. 'स. ने वात कापली.' कापली कोण, वात. क्रियापद कर्माच्या मागे गेलं, की कर्ता बाई का पुरुष ते कळतच नाही. सगळी गंमत तिथेच दडवली त्याने. आणि तू एका 'चढली'त ती बाहेर काढलीस. हा कर्मणी प्रयोग मी तुला आठवीत शिकवला होता."

त्यांनी वहीचं मागचं पान उघडलं.

"गेममध्ये धोब्याची यादी होती बघ. माणसं सहा, धोतरं पाच. मी म्हटलं, एकाचं फाटलं असेल. काल रात्रीपासून मला ते खटकायला लागलं होतं." ते थांबले. "तू किती दिवस स. ला पुरुष समजत होतीस?"

"चार... पाच दिवस," ती म्हणाली.

"मग कशावरून कळलं?"

धोब्याची यादी खेळताना तिच्या नजरेत कधी भरलीच नव्हती. सर वाट बघत राहिले, वर्गात बघायचे तशीच. पन्नाशीच्या बाईला आठवीतल्या पोरीसारखं मान खाली घालून उभं राहावं लागलं.

"मी नाही सोडवलं, सर. उत्तर बघितलं."

सर रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वही मिटली. "स्वतः अडकली असतीस तर माणूस कुठे अडकतो ते कळलं असतं," एवढंच म्हणाले. मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली: कशावर अडले, कशाची उगाच खात्री धरली. ती लिहून घेत गेली.

घरी येऊन तिने पहिली हिंट बदलली. "रोजनिशीतल्या माणसांबद्दल तुम्ही काय काय धरून चाललात? त्यातलं खरोखर वहीत लिहिलेलं किती?" दुसरीत धोब्याची यादी आली. सगळी वाक्यं तीन-तीनदा वाचून तिने गाईड वरदला पाठवलं.

तासाभरात त्याचं उत्तर आलं. "मावशी, कमाल! ही पहिली हिंट स्वतः सोडवल्याशिवाय सुचूच शकत नाही. गाईडवर तुझं नाव ठळक टाकतो."

मधुवंतीने 'थँक्यू' लिहिलं. खोडलं. मग लिहिलं, "ती लेले सरांची आहे. मी सातवा प्रश्न सोडवला नाही, तुझ्या संहितेत उत्तर वाचलं. आणि सरांना तो सुटणारच होता, तो मी फोडला. माझं नाव टाकू नकोस."

पाठवून तिने फोन उपडा ठेवला. तेवीस दिवस सरांनी जे राखलं होतं, ते यातलं काहीच त्यांना परत देणार नव्हतं.